ऑफर लेटरमधल्या 45 हजारांपैकी बँकेत किती येतात?

पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर हातात आलं की नजर एका आकड्यावर जाते. समजा तिथे लिहिलंय: वार्षिक सीटीसी 5,40,000 रुपये. त्याला 12 ने भागलं की महिन्याचे 45,000 होतात. खोलीचं भाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे, सगळा हिशोब त्या 45 हजारांवर बसवला जातो. पहिल्या पूर्ण महिन्याचा पगार जमा होतो तेव्हा खात्यात 34,962 रुपये असतात.

यात कोणी फसवलेलं नसतं. सीटीसी म्हणजे तुम्हाला ठेवून घेण्यासाठी कंपनीला वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यातला काही भाग तुमच्या बँक खात्यात येतो, काही तुमच्याच नावाने दुसरीकडे साठतो आणि काही कदाचित कधीच मिळत नाही. कोणता रुपया कुठे जातो हे सही करण्याआधी कागदावर काढता येतं. त्यासाठी पुण्यातल्या एका खासगी कंपनीचं 5,40,000 चं नमुना ऑफर लेटर घेऊ आणि ते ओळीने वाचू.

आधी योग्य पान उघडा

ऑफर लेटरच्या पहिल्या पानावर फक्त एकूण रक्कम असते. खरा तपशील शेवटी जोडलेल्या पगाराच्या तक्त्यात असतो. त्याला बहुतेक ठिकाणी अ‍ॅनेक्शर किंवा सॅलरी ब्रेकअप म्हणतात. तो जोडलेला नसेल तर एचआरकडे ईमेलने मागून घ्या. तोंडी सांगितलेल्या ‘इन-हँड’ आकड्यावर होकार देऊ नका, कारण तो आकडा सांगताना पीएफ कापून सांगितला की न कापता, हे नंतर कोणालाच आठवत नाही.

आपल्या नमुन्यातला तक्ता असा आहे. रकमा महिन्याच्या आहेत.

| घटक | रुपये |
|---|---|
| बेसिक | 22,000 |
| घरभाडे भत्ता (एचआरए) | 8,800 |
| स्पेशल अलाउन्स | 7,002 |
| ग्रॉस पगार | 37,802 |
| कंपनीचा पीएफ | 2,640 |
| ग्रॅच्युइटी | 1,058 |
| आरोग्य विमा | 500 |
| व्हेरिएबल पे (वर्षातून एकदा, 36,000) | 3,000 |
| सीटीसी | 45,000 |

पेन्सिल घ्या आणि ग्रॉस पगाराच्या ओळीखाली आडवी रेघ मारा. रेघेच्या वरचे पैसे दरमहा पगार म्हणून मोजले जातात. रेघेखालचा एकही रुपया दरमहा बँकेत येत नाही. तुमच्या तक्त्यातली नावं वेगळी असतील, ओळींचा क्रमही उलटसुलट असेल, पण ही रेघ प्रत्येक तक्त्यात मारता येते. ती कुठे मारायची हे कळलं की निम्मं काम झालं.

बेसिक: बाकीचे आकडे याच्यावर चालतात

रेघेच्या वर तीन ओळी आहेत. बँकेत येताना त्या एकत्रच येतात, मग वेगळ्या कशाला, असं वाटेल. कारण असं की पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बहुतेक कंपन्यांत घरभाडे भत्तासुद्धा बेसिकच्या टक्क्यांवर ठरतो. आपल्या नमुन्यात एचआरए बेसिकच्या 40 टक्के आहे, पीएफ 12 टक्के आणि ग्रॅच्युइटी 4.81 टक्के. बेसिक हलवलं की हे तिन्ही हलतात.

स्पेशल अलाउन्सच्या नावात ‘स्पेशल’ असलं तरी त्यात वेगळं काही नसतं. बाकी सगळे घटक मांडून झाल्यावर सीटीसी जुळवायला जी रक्कम उरते, ती इथे टाकली जाते. म्हणून ती 7,002 अशी विचित्र दिसते. ही ओळ पाहून खूश किंवा नाराज होण्याचं कारण नाही.

काही कंपन्या बेसिक मुद्दाम कमी ठेवून सगळा भार भत्त्यांवर टाकत आल्या, कारण त्यामुळे त्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा खर्च कमी होतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येनुसार घरभाडं, इतर भत्ते, कंपनीचा पीएफ अशा वगळलेल्या रकमा मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या, तर निम्म्यावरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे तुमच्या तक्त्यात बेसिक ग्रॉसच्या 30-35 टक्केच दिसत असेल, तर एचआरला सरळ विचारा, ‘ग्रॅच्युइटी आणि पीएफ कोणत्या रकमेवर मोजणार आहात?’ उत्तर लेखी घ्या.

पीएफ: तक्त्यात एकदा, पगारपत्रकात दुसऱ्यांदा

नव्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. पीएफमध्ये दोन वाटे असतात. बेसिकच्या (महागाई भत्ता असेल तर तो धरून) 12 टक्के तुमच्या पगारातून कापले जातात आणि तेवढेच 12 टक्के कंपनी घालते. 22,000 वर प्रत्येकी 2,640 रुपये. कंपनीचा वाटा रेघेखाली सीटीसीत आधीच धरलेला असतो. तुमचा वाटा मात्र या तक्त्यात बहुधा दिसतच नाही, तो ग्रॉसमधून कापला जातो आणि पगारपत्रकाच्या कपातीच्या रकान्यात उगवतो. म्हणजे 45,000 च्या आकड्यातून पीएफपोटी एकूण 5,280 रुपये बाजूला जातात. ते हरवलेले नाहीत, दोन्ही वाटे तुमच्याच पीएफ खात्यात आहेत.

आता एक निवड, जी रुजू होतानाच करावी लागते. कायद्याने पीएफसाठी वेतनाची मर्यादा 15,000 रुपये धरलेली आहे. तुमचं बेसिक त्याहून जास्त असेल तर काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ भरतात आणि काही फक्त 15,000 वर, म्हणजे प्रत्येकी 1,800 रुपये. काही ठिकाणी कर्मचाऱ्यालाच विचारतात. दुसरा पर्याय घेतला तर आपल्या उदाहरणात काय होईल? कंपनीच्या वाट्यातले 840 रुपये वाचतात. सीटीसी तेवढाच ठेवायचा असल्याने ते स्पेशल अलाउन्समध्ये येतात. तुमच्या पगारातून होणारी कपातही 840 ने घटते. हातात दरमहा 1,680 रुपये जास्त येतात आणि पीएफ खात्यात दरमहा तेवढेच कमी पडतात.

आमचं मत स्पष्ट आहे: शहरात पहिल्यांदा राहायला आलात, भाडं आणि डिपॉझिट भरायचंय, घरी पैसे पाठवायचे आहेत, तर 1,800 चा पर्याय घेण्यात काहीच चूक नाही. आईवडिलांच्या घरी राहत असाल तर पूर्ण बेसिकवर पीएफ ठेवा. 2024-25 या वर्षासाठी पीएफवर 8.25 टक्के व्याज दिलं गेलं आणि इतकं व्याज देणारी सुरक्षित जागा नोकरदाराला सहज सापडत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा, पूर्ण बेसिकवर सुरू झालेला पीएफ नंतर कमी करून घेणं अवघड जातं.

पेन्शनचा मुद्दा इथेच सांगायला हवा, कारण त्यात चुका होतात. कंपनीच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के ईपीएस या पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले पीएफमध्ये, असं सगळीकडे वाचायला मिळतं. 15,000 पर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी ते बरोबर आहे. पण 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि सुरुवातीलाच 15,000 हून जास्त वेतन असलेल्या माणसाला ईपीएसचं सदस्य होता येत नाही. त्याच्यासाठी कंपनीचा पूर्ण वाटा पीएफ खात्यातच जायला हवा. आपल्या उदाहरणातलं बेसिक 22,000 आहे, म्हणून पीएफ पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं पाहिजे. तिथे दरमहा 1,250 दिसत असतील तर सवयीने चुकीची नोंद झालीय. पहिल्या दोन-तीन महिन्यांत सांगितलं तर दुरुस्ती सोपी असते. पाच वर्षांनी पैसे काढायच्या वेळी तीच चूक महिनोन्‌महिने अडकवून ठेवते.

रेघेखालचं बाकी

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम. कंपनी ती सीटीसीत दाखवते, पण ती दरमहा कुठल्याही खात्यात तुमच्या नावाने जमा होताना दिसत नाही. नियमित कर्मचाऱ्याला ती साधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी झाल्यावरच मिळते. मृत्यू किंवा अपंगत्वाच्या वेळी ही पाच वर्षांची अट लागत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेनुसार एक वर्ष पुरतं. हिशोब असा: शेवटचं वेतन गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. 22,000 वर एका वर्षाचे 12,692 रुपये होतात आणि त्याला 12 ने भागलं की तक्त्यातले 1,058 मिळतात. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलायचा विचार असेल तर दोन ऑफरची तुलना करताना ही ओळ दोन्हीकडून वजा करूनच बघा.

आरोग्य विम्याचे 500 रुपये म्हणजे गटविम्याच्या हप्त्यातला तुमच्या नावचा भाग. तो पैशाच्या रूपात मिळत नाही. मात्र कव्हर किती लाखांचं आहे आणि आईवडील त्यात आहेत का, हे विचारून घ्या. आईवडिलांसाठी वेगळा हप्ता असेल तर तो पगारातून कापला जातो आणि तो आकडा तक्त्यात नसतो.

व्हेरिएबल पेचे 36,000 वर्षाचे आहेत. तक्त्यात महिन्याला 3,000 दाखवले म्हणून ते दरमहा येतील असं समजू नका. तीन गोष्टी विचारा. ते कधी देतात? संपूर्ण मिळायला तुमची कामगिरी लागते की कंपनीचा नफासुद्धा? आणि पैसे देण्याच्या तारखेला तुम्ही नोकरीवर असण्याची अट आहे का? ही शेवटची अट बहुतेक ठिकाणी असते. मार्चपर्यंत वर्षभर काम केलं, एप्रिलमध्ये राजीनामा दिला आणि पैसे जूनमध्ये वाटले, तर अशा अटीमुळे पूर्ण 36,000 हातचे जातात. म्हणून घरखर्चाच्या हिशोबात व्हेरिएबल शून्य धरा.

जॉइनिंग बोनसही कधी सीटीसीत मिसळलेला असतो. तो पहिल्या वर्षापुरताच असतो आणि ठरावीक काळाआधी सोडलं तर परत द्यावा लागतो. दुसऱ्या वर्षी पगार वाढूनही हातात तेवढेच पडले, असं ज्यांना वाटतं, त्यांच्या तक्त्यात पुष्कळदा हाच बोनस असतो.

आता हातात किती, ते काढा

ग्रॉस पगार 37,802. त्यातून तुमचा पीएफ 2,640 वजा. महाराष्ट्रात व्यवसाय कर म्हणजे प्रोफेशन टॅक्स 200 रुपये वजा. उरले 34,962.

प्रोफेशन टॅक्स महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 असतो, वर्षाचे 2,500. त्यामुळे फेब्रुवारीत शंभर रुपये कमी आले तर घाबरू नका. महिलांना महाराष्ट्रात महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. आपल्या उदाहरणात ग्रॉस त्याहून वर असल्याने महिलेलाही तो लागेल. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे 25 रुपयेही कापले जाऊ शकतात. गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात नोकरी असेल तर व्यवसाय कराचे हे आकडे लागू नाहीत, तिथले नियम बघावे लागतात.

आयकर? 2025-26 पासूनच्या नव्या करप्रणालीत नोकरदाराला 75,000 रुपयांची सरसकट वजावट मिळते आणि त्यानंतरचं करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. आपल्या उदाहरणात व्हेरिएबलसह वर्षाचं उत्पन्न 4,89,624 आहे, म्हणजे कर नाही. याचा आणखी एक अर्थ असा की इतक्या पगारावर घरभाड्याच्या पावत्या जमवण्याची धडपड करायची गरज नाही. एचआरएची करसवलत जुन्या प्रणालीतच मिळते. पहिल्या पगारातून टीडीएस कापलेला दिसला तर तुम्ही करप्रणालीची निवड आणि पॅन पोर्टलवर नीट भरला आहे का, ते आधी तपासा.

पगार यापेक्षा कमी असेल तर एक ओळ वाढू शकते. ईएसआय या सरकारी आरोग्य विमा योजनेसाठी वेतनाची मर्यादा महिना 21,000 रुपये आहे. त्यात बसत असाल तर तुमचे 0.75 टक्के कापले जातात, कंपनी 3.25 टक्के भरते आणि बदल्यात तुम्हाला व कुटुंबाला ईएसआयच्या दवाखान्यांत उपचार मिळतात.

पहिला पगार अर्धवट येतो

महिन्याच्या 12 तारखेला रुजू झालात आणि महिना 30 दिवसांचा असेल, तर पगार 19 दिवसांचा. 37,802 गुणिले 19 भागिले 30, म्हणजे 23,941. पीएफही त्याच प्रमाणात, 1,672. प्रोफेशन टॅक्स मात्र दिवसांवर वाटला जात नाही, पूर्ण 200 कापले जातात. हातात 22,069. बऱ्याच कंपन्यांत महिन्याच्या ठरावीक तारखेनंतर रुजू झालेल्यांचा पगार पुढच्या महिन्यात एकत्र काढतात. ती तारीख रुजू होण्याआधी विचारून ठेवा, कारण खोलीचं भाडं त्यासाठी थांबत नाही.

बिनपगारी रजेचंही गणित असंच आहे. 30 दिवसांच्या महिन्यात एक दिवस गेला की ग्रॉसमधून 1,260 जातात, पण पीएफची कपात 88 रुपयांनी घटते, त्यामुळे हातातून 1,172 जातात. काही कंपन्या 30 ऐवजी महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी किंवा 26 ने भागतात, तेव्हा आकडा बदलतो. कोणत्या पद्धतीने भागतात ते पगारपत्रकावरच्या ‘पेड डेज’ आणि ‘एलओपी’ या रकान्यांवरून ओळखता येतं.

पहिल्या पगारानंतर दोन गोष्टी तपासा

एक, पगारपत्रक ऑफर लेटरच्या तक्त्याशेजारी ठेवून ओळ-ओळ जुळवा. रेघेच्या वरचे तिन्ही आकडे पूर्ण महिन्याला तंतोतंत जुळले पाहिजेत. कंपनीचा पीएफसुद्धा तुमच्याच ग्रॉसमधून कापलेला दिसला, म्हणजे कपातीत 2,640 दोनदा आले, तर ती गंभीर चूक आहे. सीटीसीत तो आधीच धरलेला असताना ग्रॉसमधून पुन्हा कापला, तर तेच पैसे तुमच्याकडून दोनदा घेतले जातात.

दोन, पीएफ खरोखर भरला गेला का ते बघा. पगारपत्रकावर कपात दिसणं म्हणजे पैसे जमा झाले असं नाही. कंपनीने एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. यूएएन हा पीएफचा बारा आकडी क्रमांक एचआरकडून घ्या, तो आधार आणि मोबाइलशी जोडा आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीला उमंग अ‍ॅपवर किंवा `passbook.epfindia.gov.in` वर पासबुक उघडा. तिथे तीन रकाने दिसतात: तुमचा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शन. आपल्या उदाहरणात अनुक्रमे 2,640, 2,640 आणि 0.

नोंद दिसत नसेल तर आधी आधार, पॅन आणि कंपनीच्या नोंदीतलं तुमचं नाव अक्षर न्‌ अक्षर सारखं आहे का ते बघा. मराठी नावांत हा घोळ फार होतो: एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर नाहीच, तिसऱ्यावर आडनाव आधी. जन्मतारखेतला एका दिवसाचा फरकही नोंद अडवतो. नाव जुळत असूनही सलग दोन महिने काही दिसलं नाही तर एचआरला ईमेल करून भरणा केल्याचं चलन मागा. तरी उत्तर आलं नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, `epfigms.gov.in` इथे, पगारपत्रकं जोडून तक्रार नोंदवता येते.

इंटर्नशिपच्या किंवा आधीच्या छोट्या नोकरीच्या वेळी पीएफ कापला गेला असेल तर तुमचा यूएएन आधीच तयार आहे. नव्या कंपनीत रुजू होताना भरायच्या घोषणापत्रात तोच लिहा. ‘पहिलीच नोकरी’ असं लिहून नवा क्रमांक काढून घेतला तर दोन खाती होतात आणि जुन्यातले पैसे नव्यात आणण्यासाठी स्वतंत्र अर्ज करत बसावं लागतं.